आयटीकडे दुसरा मॉनिटर मागितला, तिकीट बंद करून परत आलं. मेलमध्ये काय चुकलं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी लेखा विभागात काम करते. पुरवठादारांची बिलं तपासायची आणि नोंदवायची. एका बिलासाठी तीन गोष्टी एकदम समोर लागतात: बिलाची स्कॅन केलेली पीडीएफ, ईआरपीमधली खरेदी ऑर्डर आणि माझी ताळमेळाची एक्सेल शीट. कंपनीचा लॅपटॉप चौदा इंची आहे, त्याशिवाय दुसरा पडदा नाही. दिवसभर खिडक्या बदलत बसते आणि संध्याकाळी मान धरते.

मागच्या आठवड्यात आयटीला मेल केला. मूळ इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

> विषय: नवीन मॉनिटर मिळण्याबाबत
>
> मला कामासाठी मॉनिटर हवा आहे. दोन पडद्यांमुळे उत्पादकता वाढते हे सर्वांना माहीत आहे. लहान पडद्यामुळे मला त्रासही होतो. कृपया लवकर व्यवस्था करावी.

दुसऱ्या दिवशी तिकीट बंद. शेरा: "सध्याच्या डिस्प्लेमध्ये बिघाड आढळला नाही. कारण अपुरे." बिघाड आहे असं मी म्हटलंच नव्हतं! पुन्हा पाठवायचा आहे. कसा लिहू?

झटपट

सोपं आहे. दोन मॉनिटरने काम चाळीस टक्क्यांनी वाढतं असं टाका, लगेच मंजूर होईल. आणि लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर कुठलाही मॉनिटर चालतो, तेही लिहा.

एकाग्र

मी उलट बाजूने बोलतो. माझ्याकडे चार वर्षं दोन मॉनिटर होते. दुसऱ्यावर कायम मेल आणि चॅट उघडं असायचं, आणि डोळा तिकडे गेला की हातातलं काम तुटायचं. शेवटी एक काढून टाकला. मागण्याआधी तुम्ही त्या पडद्यावर नक्की काय ठेवणार, हे ठरवा.

कुतूहल

माझ्याकडेही हाच प्रश्न आहे. घरचा टीव्ही मॉनिटर म्हणून लावला तर अक्षरं फुटतात. काय करू?

तारकाम

मी बरीच वर्षं आयटी सपोर्टमध्ये आहे आणि असे मेल रोज माझ्याकडे येतात, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो.

निळीशाई ताई, तुमचा मेल पहिल्या ओळीतच घसरला. विषयात "नवीन मॉनिटर" असलं की तिकीट वाटणारा माणूस ते "बदलून द्या" या रांगेत टाकतो. त्या रांगेतला माणूस एकच गोष्ट बघतो, जुना बिघडलाय का? नाही. तिकीट बंद. त्याने तुमचं कारण वाचून नाकारलं असं मला वाटत नाही, त्याच्यासमोर प्रश्नच वेगळा होता. विषयात "लॅपटॉपसोबत जोडण्यासाठी अतिरिक्त मॉनिटर" असं स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट, खर्चाला हो म्हणायचा अधिकार बहुतेक ठिकाणी आयटीकडे नसतो. तो तुमच्या साहेबांकडे असतो. आयटी फक्त दोन गोष्टी ठरवते: साठ्यात काय आहे आणि तुमच्या मशीनला काय जोडता येईल. म्हणजे त्याच मेलचे दोन वाचक आहेत. साहेबांना कारण हवंय, आम्हाला मॉडेल, पोर्ट आणि टेबलावरची जागा हवीय. तुमच्या मेलमध्ये दोघांसाठीही काही नव्हतं.

झटपट, टाइप-सीबद्दल थोडं थांबा. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. पोर्टशेजारी थंडरबोल्टची, म्हणजे विजेच्या बाणाची खूण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर बहुधा चालेल, पण खूण नाही म्हणजे चालत नाही असंही नाही. मॉडेलचं स्पेसिफिकेशन बघणं हाच खात्रीचा मार्ग. विंडोजवर `msinfo32` उघडलं की `System Model` समोर मॉडेल दिसतं, तेच मेलमध्ये टाका.

कुतूहल, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की उत्तर देतो.

दोन_ओळी

साहेबांच्या खुर्चीतून लिहिते. माझ्याकडे अशी मंजुरी येते तेव्हा "उत्पादकता वाढते" हे वाक्य मला काहीच सांगत नाही, आणि इंटरनेटवरची टक्केवारी तर त्याहून कमी. त्यांनी मोजलेलं काम माझ्या माणसाचं नाही. मला हवं असतं ते एवढंच: तू रोज काय करतेस, त्यात आत्ता किती वेळ जातो, आणि बदल झाल्यावर किती जाईल. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो आमच्या कामाचा हवा.

निळीशाई

दोन_ओळी, हे माझ्या साहेबांच्या तोंडचंच वाक्य वाटलं. मीटिंग रूममधला मॉनिटर सकाळी रिकामा असतो. तिथे बसून मोजून बघू का?

तारकाम

जरूर. पण तिथल्या माणसाला सांगून जोडा. विचारल्याशिवाय केबल काढली तर पुढच्या मीटिंगला आमचाच फोन वाजतो.

पाठराखण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. "त्रास होतो" या दोन शब्दांमागे काय आहे ते सांगते, कारण ते कळलं तर मागणीच बदलते.

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर हात खांद्यापर्यंत वर उचलावे लागतात. कीबोर्ड कोपरांच्या उंचीला ठेवला तर मान दिवसभर खाली. दोन्ही एकदम नीट होऊच शकत नाही, तुम्ही कितीही ताठ बसा. तुमची मान संध्याकाळी धरते ती बहुधा यामुळे, पडद्याच्या इंचांमुळे नाही.

आणि इथेच लोक फसतात. मॉनिटर मिळतो, तो लॅपटॉपच्या बाजूला ठेवला जातो आणि टायपिंग लॅपटॉपच्याच कीबोर्डवर चालू राहतं. शरीर समोर, मान दिवसभर उजवीकडे. महिन्याभराने त्याच बाजूचा खांदा घेऊन ते माझ्याकडे येतात. म्हणून मॉनिटरसोबत वेगळा कीबोर्ड आणि माउस त्याच मेलमध्ये मागा. जास्त वेळ ज्याकडे बघायचं तो पडदा नाकासमोर, साधारण हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. लॅपटॉप बाजूला, थोडा तुमच्याकडे वळवलेला.

दुखणं मात्र आयटीच्या मेलमध्ये सविस्तर लिहू नका. ते तिकीट दहा जण वाचतात. दुखणं खरंच टिकून असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि ऑफिसात सांगायचं तर एचआरला वेगळं सांगा.

चष्मेवाला

पाठराखण ताई, "वरची कड डोळ्यांच्या रेषेत" हे ऐकून मी तसंच केलं आणि मान आणखी दुखायला लागली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे.

पाठराखण

बरोबर, तुमच्यासाठी नियम वेगळा. जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे पडदा उंच असला की तुम्ही हनुवटी वर करून बघता. मॉनिटर बराच खाली आणा आणि वरची कड मागे झुकवा. उंची बदलता येणारा स्टँड तुमच्यासाठी चैन नाही, गरज आहे. ते मेलमध्ये लिहा.

चष्मेवाला

आत्ता खाली वह्यांचा गठ्ठा होता तो काढून बघितला. हनुवटी लगेच खाली आली! आठवडाभर वापरून कळवतो.

खिडकीपाशी

आमच्या आयटीने मला सांगितलं होतं, "तुझा लॅपटॉप फुल एचडी, मॉनिटरही फुल एचडी. पिक्सेल तेवढेच, मग फायदा काय?" मला उत्तर सुचलं नाही. कुणी सांगेल का?

तारकाम

फार चांगला प्रश्न. निळीशाई ताईंनाही तो विचारला जाईल.

चौदा इंचात 1920 × 1080 पिक्सेल कोंबले की अक्षरं इतकी बारीक होतात की विंडोज ती मोठी करून दाखवतं. अशा लॅपटॉपवर स्केलिंग बहुधा 150 टक्के असतं. `Settings > System > Display` मध्ये बघा. 150 टक्के म्हणजे प्रत्येक गोष्ट दीडपट लांब आणि दीडपट रुंद, तेव्हा कामाला उरते ती फक्त 1280 × 720 एवढी जागा. तेच पिक्सेल चोवीस इंची मॉनिटरवर पसरले की स्केलिंग 100 टक्क्यांवर ठेवूनही अक्षरं आरामात वाचता येतात आणि सगळे 1920 × 1080 कामाला येतात. क्षेत्रफळाचा हिशोब केलात तर सव्वादोन पट. पिक्सेल तेवढेच, जागा सव्वादोन पट.

झटपट

मग लॅपटॉपचं स्केलिंग 100 टक्के करा की! मॉनिटर कशाला?

निळीशाई

झटपट, हे मी खरंच करून बघितलं आहे. जागा वाढते. पण अर्ध्या तासात मी पडद्यावर ओणवी झालेली असते, पाठ खुर्चीला टेकतच नाही. आणि पीडीएफमध्ये 3 आणि 8 मध्ये गल्लत होते. बिलात ती परवडत नाही.

झटपट

हं. हे पटलं. 125 करून बघा, मी तेच वापरतो.

एकाग्र

खिडक्या शेजारी-शेजारी लावायचं बघितलं का? विंडोज की आणि डावा-उजवा बाण. त्यात खर्च शून्य.

निळीशाई

एकाग्र, आयटीवाले फोनवर तेच म्हणाले, म्हणून दोन दिवस तसंच काम केलं. तारकाम दादांच्या हिशोबाने आता कळतंय का जमलं नाही ते: 1280 ची अर्धी 640. तेवढ्या रुंदीत ईआरपीच्या खरेदी ऑर्डरचे शेवटचे रकाने, म्हणजे नेमके दर आणि कर, बाहेर जातात. प्रत्येक ओळीला आडवं सरकवावं लागतं. आणि तिसरी खिडकी तरीही मागेच.

तुमचा मूळ प्रश्नही डोक्यात आहे. दुसऱ्या पडद्यावर पीडीएफ आणि ईआरपी शेजारी-शेजारी, लॅपटॉपवर एक्सेल. मेल आणि चॅट बंद.

एकाग्र

असं असेल तर माझा विरोध नाही. माझं काम एका वेळी एकाच दस्तऐवजाचं होतं. तुमचं जुळवाजुळवीचं आहे, ते वेगळं.

निळीशाई

मोजून आले! काल फक्त लॅपटॉपवर 20 बिलं: 98 मिनिटं. आज मीटिंग रूमच्या मॉनिटरसह 20 बिलं: 73 मिनिटं. फरक 25 मिनिटांचा. महिन्याला माझ्याकडे साधारण 300 बिलं येतात, म्हणजे 15 वेळा 25, एकूण 375 मिनिटं. सव्वासहा तास!

दोन_ओळी

छान. पण मी साहेब म्हणून एक शंका काढेन: दोन्ही दिवसांची बिलं सारखीच होती का? आणि दुसऱ्या दिवशी हात बसलेला असतो, त्याचा फायदा मॉनिटरच्या खात्यात जमा झाला नाही ना?

निळीशाई

बिलं वेगळी होती. आज एकाच पुरवठादाराची सात होती, ती सोपी गेली. खरं आहे.

तारकाम

मग चार दिवस करा. पहिल्या आणि चौथ्या दिवशी फक्त लॅपटॉप, मधले दोन दिवस मॉनिटर. हात बसण्याचा फायदा दोन्हीकडे साधारण सारखा वाटला जाईल. बिलं आली त्या क्रमाने घ्या, निवडू नका.

खिडकीपाशी

अवांतर: दोन मॉनिटर घ्यावेत की एकच रुंद? आमच्याकडे रुंद पडदा आहे आणि मधला दांडा दिसत नाही हे सुख आहे.

तारकाम

मीटिंगमध्ये पडदा शेअर केला की रुंद पडद्याचं चित्र समोरच्याला मुंगीएवढं दिसतं. पूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी शेअर करायची सवय असेल तर प्रश्न नाही.

खिडकीपाशी

माझी आहे सवय. मी रुंदच्याच बाजूने.

निळीशाई

चार दिवस झाले. क्रमाने: लॅपटॉप 96, मॉनिटर 74, मॉनिटर 78, लॅपटॉप 92. म्हणजे लॅपटॉपवर 40 बिलांना 188 मिनिटं, मॉनिटरसह 152. फरक 36, वीस बिलांमागे 18. महिन्याला 15 वेळा 18, म्हणजे 270 मिनिटं, साडेचार तास. सव्वासहाचे साडेचार झाले, जरा वाईट वाटलं.

दोन_ओळी

मला मात्र साडेचार जास्त आवडले. त्यावर मी सही करेन, कारण कसे मोजले ते तुम्ही सांगू शकता. क्रमही मेलमध्ये लिहा.

निळीशाई

मग हा मसुदा. तपासा.

> विषय: लॅपटॉपसोबत वापरण्यासाठी एक अतिरिक्त मॉनिटर (बदली नाही)
>
> नमस्कार,
>
> बिल तपासणीत मला पीडीएफ, ईआरपीची खरेदी ऑर्डर आणि एक्सेल एकाच वेळी पाहावे लागते. लॅपटॉपवर 150 टक्के स्केलिंगमुळे दोन खिडक्या शेजारी ठेवल्यास ऑर्डरमधले दर आणि कर दिसत नाहीत. स्केलिंग कमी करून पाहिले, आकडे वाचण्यात चूक होते.
>
> मीटिंग रूममधला मॉनिटर परवानगीने वापरून चार दिवस रोज 20 बिलांची वेळ नोंदवली. क्रम: लॅपटॉप 96 मिनिटे, मॉनिटरसह 74 आणि 78, पुन्हा लॅपटॉप 92. बिले आली त्या क्रमाने घेतली. महिन्याच्या साधारण 300 बिलांवर अंदाजे साडेचार तास वाचतात.
>
> दिवसभर लॅपटॉपच्या पडद्याकडे खाली पाहून काम करावे लागते, म्हणून मॉनिटर समोर ठेवून वेगळ्या कीबोर्ड-माउसवर काम करू इच्छिते.
>
> मागणी: चोवीस इंची, उंची बदलता येणारा एक मॉनिटर (साठ्यातला वापरलेला चालेल), कीबोर्ड, माउस आणि केबल. लॅपटॉपवर एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी पोर्ट आहे, टाइप-सी चार्जरने व्यापलेला असतो. मॉडेल सोबतच्या चित्रात आहे. टेबलावर जागा आणि एक रिकामा प्लग आहे.
>
> माझ्या वरिष्ठांना प्रत ठेवली आहे, मंजुरी त्यांच्याकडून येईल.

तारकाम

असा मेल माझ्याकडे आला तर मी उलट एकही प्रश्न विचारणार नाही. "साठ्यातला वापरलेला चालेल" या तीन शब्दांनी खरेदीची रांग टळू शकते. चार्जरचा उल्लेखही उत्तम, नाहीतर कुणीतरी टाइप-सीची केबल देऊन मोकळा होतो.

पाठराखण

दुखणं न लिहिता कारण लिहिलंत, छान.

झटपट

माझे चाळीस टक्के कुठे गेले शोधत होतो. पण हा मेल जास्त वजनदार आहे, मान्य.

निळीशाई

नऊ दिवसांनी परत आले. साहेबांनी त्याच दिवशी मंजूर केलं, साठ्यातून मॉनिटर आला. पण जोडल्यावर `No Signal`. केबलचं एक टोक एचडीएमआय, दुसरं डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपला एचडीएमआय लावलं, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट. दोन्ही टोकं घट्ट बसली आहेत. मॉनिटर बिघडलेला आहे का?

तारकाम

मॉनिटर बहुधा ठीक आहे. अशा साध्या केबली एकाच दिशेने चालतात: लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावली तर टोकं बसतात, पण सिग्नल जात नाही. उलट दिशेला वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. मॉनिटरच्या मागे एचडीएमआय आहे का बघा. असेल तर साधी एचडीएमआय केबल मागा.

निळीशाई

होतं! मीटिंग रूममधली केबल विचारून लावली, लगेच चित्र आलं. पण दोन्हीकडे तेच दिसतंय.

तारकाम

`Win + P` दाबा आणि `Duplicate` ऐवजी `Extend` निवडा. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 1 आणि 2 चे चौकोन टेबलावर जसे आहेत तसे ओढून ठेवा, नाहीतर माउस उलट्या बाजूने बाहेर पडतो.

निळीशाई

झालं. मॉनिटर नाकासमोर, लॅपटॉप डावीकडे. आज पहिली बारा बिलं केली, एकदाही आडवं सरकवलं नाही. फक्त ईआरपीची खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेली की अक्षरं धूसर होतात.

तारकाम

दोन पडद्यांचं स्केलिंग वेगळं आहे ना, जुनी सॉफ्टवेअर्स तिथे अडखळतात. ईआरपी मॉनिटरवर असतानाच बंद करून पुन्हा उघडा आणि तिथेच राहू द्या. तरी धूसर राहिलं तर कळवा, त्याला दुसरे उपाय आहेत, पण सगळ्याच सॉफ्टवेअरवर ते चालतात असं नाही.

चष्मेवाला

माझा आठवडा झाला. मान बरी आहे. पण आता संध्याकाळी मागच्या खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो, झुकवल्यामुळे असेल का?

पाठराखण

हो, मागे झुकवलेला पडदा वरचा आणि मागचा उजेड जास्त पकडतो. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेता येते का बघा. नाही जमलं तर झुकाव थोडा कमी करा आणि पडदा आणखी खाली घ्या.

कुतूहल

टीव्हीचा वेगळा धागा काढला आहे. तारकाम दादा, वेळ मिळाला की या.